नमनाला घडाभर तेल



रात्रीचे खेळ दिवट्यांच्या उजेडात चालत, त्या काळातली ही म्हण आहे. तेल मोजून आणलेले असे. नमनच लांबले आणि तेल तिथेच जळून गेले, तर पुढचा खेळ अंधारात. आता वीज आली, तेल संपत नाही, म्हणून नमन कितीही लांबले तरी चालते असा समज झाला आहे. पण सभेत जळते ते तेल वेगळे असते. माणसे घरून निघताना मनाची जी तयारी करून येतात, ती पहिल्या पाव तासात वापरली नाही तर विझते, आणि ती पुन्हा पेटवायला उत्तम कीर्तनकारालाही अर्धा तास लागतो.

या लेखात मला एवढाच विषय घ्यायचा आहे. आपल्या जुन्नर-आंबेगावात हरिनाम सप्ताहाच्या मोठ्या सभेला जे पहिले शब्द ऐकू येतात, त्यांची परीक्षा करायची. कीर्तनावर टीका पुष्कळ होते. कोण विनोद फार करतो, कोण किती मानधन घेतो, हे पारावर रोज चालते. पण कीर्तनाच्या आधीचे जे स्वागत म्हणून असते, त्याकडे कोणी चिकित्सेने पाहत नाही. तो एक रिवाज मानून आपण मांडी बदलत बसतो.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. गाव आंबेगाव तालुक्यातले, घोड नदीच्या पाण्यावर उसाचे झालेले. नाव सांगण्याची गरज नाही, कारण हे पन्नास गावांत असेच घडते. सप्ताहाची शेवटची रात्र, कीर्तनाची वेळ सात ते नऊ. मी श्रोता म्हणून मंडपाच्या मधल्या खांबाला टेकून बसलो होतो. सातला मंडप भरला होता, दोन-अडीच हजार माणूस असेल. वाड्या-वस्त्यांवरच्या बाया लेकरांसकट लवकर येऊन पुढे बसल्या होत्या. टाळकरी दोन्ही बाजूंना उभे, मृदंगाला शाई-कणीक लागलेली, विणेकरी जागेवर. सगळे तयार. तेवढ्यात सूत्रसंचालकांनी ध्वनिक्षेपक हाती घेतला.

त्यांनी आधी एक चारोळी म्हटली. मग ‘शब्दसुमनांनी’ स्वागत सुरू झाले. एकेक नाव, नावाआधी पद, पदाआधी विशेषण. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, हार. हार घालताना छायाचित्र. ‘जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत’ हे वाक्य सहा वेळा आले. मी नावे मोजली, एकेचाळीस भरली. कीर्तनकार गळ्यात उपरणे घालून एवढा वेळ हात जोडून उभे. त्यांच्या हाती सभा आली तेव्हा सात वाजून बेचाळीस मिनिटे झाली होती.

आता या स्वागताचे शब्द पाहू. वक्त्याचा आवाज चांगला होता, उच्चार स्वच्छ होते, नावात एकही चूक नव्हती. दोष त्या मनुष्यात नव्हताच, वाक्यात होता. एकेचाळीस नावे संपल्यावर ते म्हणाले, ‘तसेच उपस्थित सर्व भाविक बंधू-भगिनींचे स्वागत करतो.’ सगळी गोम त्या ‘तसेच’मध्ये आहे. व्यासपीठावर चाळीस आणि खाली अडीच हजार, आणि अडीच हजारांच्या वाट्याला ‘तसेच’ आले. स्वागत म्हणजे आलेल्याला आपण आत घेतो. या वाक्याने माणसे आत घेतली नाहीत, मंडपाची दोन खंडे केली. वर बसलेले ते पाहुणे, खाली बसलेले ते टाळ्या वाजवणारे. आणि टाळीचेही पाहा. त्याच मंडपात, त्याच माणसांनी, पाच मिनिटांनी भजनाला टाळी द्यायची असते. ती टाळी नामाची असते. आधीच सहा वेळा माणसाच्या नावाला टाळी देऊन हात दमले की नामाची टाळी सैल पडते. त्या दिवशी ती सैल पडलेली मी ऐकली.

पुढचे नुकसान आणखी ठळक आहे. आपल्या भागात वस्त्या उसाच्या कडेने आहेत, आणि उसात बिबट्या आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत रात्री एकट्यादुकट्याने वाट चालणे ही आता गंमत राहिलेली नाही. वस्तीवरच्या बाया मिळून येतात आणि मिळून जातात, एकीला उठावे लागले की दहाजणी उठतात. नऊला सुटायचे कीर्तन पावणेदहाला सुटणार हे दिसू लागताच पावणेनऊपासून पुढच्या रांगा रिकाम्या होऊ लागल्या. ज्यांनी लवकर येऊन जागा धरली होती, त्यांच्याच वाट्याला पूर्वपक्ष आला आणि सिद्धान्त राहून गेला. मान्यवरांपैकी निम्मे त्याआधीच पुढच्या गावच्या सत्काराला गेले होते, ते वेगळे.

आता आपल्या परंपरेने जी सुरुवात लावून दिली आहे, ती याच्या शेजारी ठेवून पाहा. मोठ्या समुदायाचे स्वागत करण्याची एवढी नेमकी रीत मला तरी दुसरीकडे दिसलेली नाही, आणि तिच्यात ‘स्वागत’ हा शब्दसुद्धा नाही.

कीर्तनकार येण्याआधीच मृदंग आणि टाळ सुरू असतात. ‘जय जय राम कृष्ण हरी’ हे भजन ठाय लयीत चालू असते. माणसे येत असतात, चपला काढत असतात, लेकरांना बसवत असतात, आणि येता येताच ओठ हलू लागतात. मग रूपाचा अभंग होतो. तोपर्यंत कीर्तनकार येऊन विण्याला नमस्कार करतात, विणेकऱ्याच्या पाया पडतात, विणेकरी त्यांच्या पाया पडतो. गळाभेट होते. हे सर्वांदेखत होते, आणि पाहणाऱ्याला न सांगता कळते की इथे मोठा कोण याचा निकाल लागणार नाही. मग विठ्ठलाचे भजन, आणि त्यानंतर निरूपणाच्या अभंगाचे धृपद. कीर्तनकाराने स्वतःच्या मनाचे पहिले वाक्य बोलेपर्यंत सभा पंधरा-वीस मिनिटे गात असते. श्रोता ऐकायला लागण्याआधी म्हणायला लागलेला असतो. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाला कीर्तनकार एकटा नमन गातो आणि लोक ऐकतात. त्यात वेगळी गोडी आहे, मी तिला नावे ठेवत नाही. पण आपली रीत गर्दीची आहे. वाळवंटात, माळावर, पालखीच्या तळावर उभ्या राहिलेल्या माणसांसाठी ती घडली.

ती गर्दीसाठी घडली हे तिच्या लयीवरूनच सिद्ध होते. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मंडप तीनशे फूट लांब असेल, म्हणजे नव्वद मीटर, तर पुढच्या टाळाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला पाव सेकंद लागतो. मागच्यांनी तो ऐकून म्हटलेले पुढे परत यायला आणखी पाव सेकंद. असा अर्ध्या सेकंदाचा फरक मंडपाच्या दोन टोकांत असतोच, आणि तो कोणत्याही गवयाला मिटवता येत नाही. ठाय लयीत एकेका अक्षरावर सूर रेंगाळतो, तेव्हा हा फरक त्या लांबलेल्या सुरात मुरून जातो. कोणाला कळतही नाही. पण सुरुवातीलाच चाल उडती घेतली, तर अर्ध्या सेकंदात एक अख्खा शब्द निघून जातो. पुढे ‘कृष्ण’ चालू असताना मागून ‘राम’ येतो. पुढचे मागच्यांना बेताल समजतात, मागचे गप्प होतात. मागचे एकदा गप्प झाले की त्या रात्रीपुरते ते प्रेक्षक झाले. लय वाढवायची ती सभा एक झाल्यावर, आणि तीही मृदंगाने बोलावून. हल्ली तरुण गायक मंडळी दुसऱ्याच आवर्तनाला दुगुणीत जातात. ऐकायला जोरकस वाटते. चौथ्या-पाचव्या रांगेकडे पाहा, ओठ मिटलेले दिसतील.

सुराचेही तेच. गायनाचार्यांचा गळा काळी चारला खुलतो हे खरे, आणि अभंग त्यांनी तिथे जरूर गावा. पण आरंभीचे नामाचे भजन तिथे धरले तर रानात काम करून आलेल्या माणसाचा गळा तिथे पोचत नाही. तो एकदा ओढून पाहतो, खोकतो, आणि थांबतो. जुन्या फडांतले जाणते टाळकरी पहिले भजन खाली धरायला सांगत, काळी एक-दोनच्या आसपास, आणि बाया आपापल्या सोयीच्या सुरात त्यात मिसळत. पेटीवाल्याला पट्टी बदलायचा कंटाळा येतो, म्हणून हल्ली पहिल्यापासून एकच पट्टी. कारण एवढे साधे आहे.

त्या भजनाची ठेवणही पाहा. ‘जय जय राम कृष्ण हरी’. तोंडाने साधे म्हटले तर तेरा मात्रा होतात. आठ मात्रांच्या भजनी ठेक्याची दोन आवर्तने म्हणजे सोळा. उरलेल्या तीन ‘हरी’च्या ‘री’त जातात. त्या लांबलेल्या ‘री’त एका बाजूचे टाळकरी श्वास घेतात आणि दुसरी बाजू उचलते. आणि त्याच फटीतून नुकताच आलेला माणूस आत शिरतो. त्याला सुरुवात गाठायची नसते, पुढचा ‘जय’ पकडायचा असतो. दर आठ-दहा सेकंदांनी दार उघडते. दोन हजार माणसे वेगवेगळ्या वेळी येणार, उशिरा येणाऱ्यालाही अपराध्यासारखे वाटू नये, यापेक्षा चांगली सोय कोणती करता येईल?

मग जयघोष. ‘बोला’ म्हणायचा अवकाश, ‘पुंडलिक वरदे’ पुढून जाते आणि ‘हारि विठ्ठल’ मागून येते. यात नावे आहेतच. नावे घेऊच नयेत असे परंपरा म्हणत नाही. पण पहिले नाव कोणाचे? देवाचे नाही, पुंडलिकाचे. ज्याने आईबापाची सेवा सोडली नाही आणि देवाला विटेवर थांबवून ठेवले, त्याचे. मग विठ्ठलाचे, मग ज्ञानदेवांचे, तुकोबांचे. त्यातले कोणी खुर्चीवर बसून हाराची वाट पाहत नाही. म्हणून त्या नावांना ओ देताना कोणाला लाचारी वाटत नाही. अध्यक्षाच्या नावाला टाळी देताना शेजारच्या भावकीतला माणूस हात मांडीवरच ठेवतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

आता कोणी म्हणेल, भजन झाले, पण बोलून स्वागत करायचे तर कसे करावे? त्यालाही आपल्याकडे नमुना आहे, आणि तो ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभाचा. नेवाशात शके 1212 मध्ये जी सभा बसली, तिच्याशी माउली इथे जे बोलतात ते वाचकांपैकी अनेकांच्या पाठात असेल. म्हणून ओव्या देत नाही, फक्त त्यांची चाल उलगडून दाखवतो. ज्ञानेश्वरीचे आपल्या तालुक्याशी नातेही आहे. ज्याच्या मुखातून वेद वदले त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळ्याला आहे. नेवाशाहून ही भावंडे परतताना त्याने तिथे देह ठेवला, असे परंपरा सांगते.

माउली पहिल्याच वाक्यात एक गोष्ट मागतात, आणि एकच. अवधान. बदल्यात सर्व सुखाला पात्र व्हाल, असे प्रतिज्ञेवर सांगतात. आता हे वाक्य धाडसाचे आहे. जाणत्यांच्या सभेत असे बोलणे म्हणजे उद्धटपणाच दिसेल. हे ओळखून दुसऱ्याच वाक्यात ते म्हणतात, हे मी प्रौढीने बोलत नाही, ही माझी सलगीची विनवणी आहे. आधी हक्काने मागितले, मग त्या हक्काचे कारण दिले. कारण काय, तर तुमच्यासारखे श्रीमंत माहेर असेल तर लेकीचे लाड आणि मनोरथ पुरणारच. श्रोत्यांना त्यांनी माहेर केले. पद सांगितले नाही, नाते सांगितले. मग सावलीची उपमा, मग लेकराच्या बोबड्या बोलांची आणि वाकड्या पावलांची, ज्यांचे आईला कौतुकच वाटते. आपण कीर्तनात ‘मायबाप हो’ म्हणतो ते इथून आलेले आहे. पण आपण ते पालुपद करून टाकले. माउलींनी ते चार-पाच ओव्यांत कमावले आहे. नाते का, कसे, त्याचा पुरावा काय, हे दाखवले आहे.

मग ते उलटे वळतात. तुम्हाला मी काय सांगणार, म्हणतात. चंद्राला कोणी वारा घालतो का, दागिन्याला दागिना घालतो का, आभाळाला कोणी गवसणी घालतो का? ही स्तुती झाली. पण तिच्यात आणि ‘शब्दसुमनां’त फरक असा की ही स्तुती सभेतल्या प्रत्येकाला सारखी लागते. तिच्यात निवड नाही. चंद्र कोण आणि काजवा कोण, असे खाली बसलेल्याला मनात म्हणावे लागत नाही. शेवटी तो सुप्रसिद्ध विचार येतो. चंद्रकांत मणी पाझरतो खरा, पण ती करामत चंद्राची. श्रोत्यावाचून वक्ता हा वक्ताच नव्हे. इथे स्वागताचे वर्तुळ पुरे होते. जे अवधान मागितले होते, तेच ग्रंथाचे मूळ ठरले. श्रोता ग्रंथाचा अर्धा कर्ता झाला. याहून मोठा हार कोणता घालणार?

आणि आता खरी मौज. एवढे सुंदर बोलणे चालू असताना ते कोण थांबवतो? तांदळाने आपल्याला गोड करा म्हणून विनवावे लागते का, बाहुलीने सूत्रधाराला प्रार्थना करावी लागते का, असे माउली म्हणत आहेत, आणि श्रीगुरू निवृत्तिनाथ मध्येच म्हणतात, हे सगळे आम्हाला पोचले, आता नारायणांनी काय निरूपिले ते सांग. संपले. तिशीच्या आसपास ओव्यांत नमन आटोपते. नऊ हजारांवर ओव्यांच्या ग्रंथातला हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. ज्ञानोबांच्या वाणीलासुद्धा गुरूने ‘पुरे’ म्हटले, आणि माउलींनी ते ‘पुरे’ ग्रंथात ठेवले, खोडले नाही. आपल्या सप्ताह कमिट्यांत असा एक निवृत्तिनाथ नेमायला हवा. कानाशी येऊन ‘पोचले’ म्हणण्यापुरता.

माउलींच्या या नमन्याला एक मर्यादाही आहे, ती सांगितली पाहिजे. नेवाशाची सभा मोजक्या जाणत्यांची होती. समोरासमोर बसलेली, रोज येणारी. तिथे उपमेमागून उपमा झेलणारे कान होते. अडीच हजारांच्या मंडपात, लेकरू रडत असताना, जनरेटर घरघरत असताना, असे लांब पल्ल्याचे बोलणे तिसऱ्या उपमेलाच वाऱ्यावर जाते. काही विद्वान कीर्तनकार नवव्या अध्यायाच्या थाटात पंधरा मिनिटे श्रोतृस्तवन करतात. ते ऐकायला मला आवडते, पण माझ्या शेजारचा शेतकरी घड्याळ बघत असतो, आणि तो अरसिक नाही. मोठ्या गर्दीला शब्दाने कवेत घेता येत नाही, नामाने घेता येते. म्हणूनच परंपरेने पहिला पाव तास भजनाला दिला आणि बोलणे मागाहून आणले.

ते नामही कोणते, याचा आपल्या मातीशी संबंध आहे. तुकोबारायांना स्वप्नात गुरूपदेश झाला तो माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, हे त्यांनीच सांगून ठेवले आहे. गुरूंचे नाव बाबाजी, आणि त्या बाबाजी चैतन्यांची समाधी आपल्या ओतूरला मानतात. मांडवीच्या काठी, कपर्दिकेश्वराच्या सान्निध्यात. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराला जाणारी माणसे तिथे माथा टेकून येतात. मंत्र मिळाला तो ‘रामकृष्णहरी’. आपण आज एकमेकांना भेटताना, फोन उचलताना, कीर्तनाला आरंभ करताना जो शब्द वापरतो, तो हा. पण तुकोबा त्या मंत्राविषयी जे सांगतात, ते स्वागताच्या दृष्टीने फार नेमके आहे. गुरूंनी माझ्या मनातला भाव ओळखला, आणि मला आवडेल असा, सोपा मंत्र दिला. म्हणजे गुरूंनी अवघड, नवे, दिपवणारे काही दिले नाही. शिष्याच्या ओठांवर आधीपासून असलेलेच त्याच्या हाती अधिकाराने ठेवले. चारशे वर्षे होत आली, तो मंत्र कोणाला शिकवावा लागला नाही. मंडपात आलेल्या परक्या माणसालाही तो ठाऊक असतो. चारोळी मात्र म्हणणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि तीही हातातल्या फोनवर बघून.

इथे एक आडवाट घेतो, वारकरी वाचकांनी रागावू नये. आपल्याच तालुक्यातले नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. चैत्रातल्या यात्रांच्या सुपाऱ्या ठरवायला गावोगावचे पंच तिथल्या राहुट्यांवर जातात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचे ते गाव. यात्रेत दिवसा पालखी, कुस्त्यांचा हगामा आणि रात्री तमाशा हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि सप्ताहाला बसणारा माणूस आणि यात्रेला बसणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. तमाशाचा आरंभ कसा होतो? आधी ढोलकी-हलगीची सलामी. ती गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जाते आणि पांगलेली माणसे गोळा होतात. मग गण, मग गवळण. प्रेक्षकाला ‘मायबाप’ म्हणून मुजरा. तिथेही वाद्य आधी, नमन नंतर, बोलणे त्याच्याही नंतर. फडमालकाला ठाऊक असते की सुरुवात फसली तर लोक उठून जातील आणि पुढच्या वर्षी सुपारी मिळणार नाही. विषय वेगळा, हेतू वेगळा, पण गर्दी कशाने बसते हे दोन्ही ठिकाणी सारखेच ओळखले आहे. सूत्रसंचालक हा ना कीर्तनातून आला, ना तमाशातून. तो शाळेच्या स्नेहसंमेलनातून आणि सभागृहातल्या समारंभातून आला. तिथे दोनशे माणसे खुर्चीवर बसलेली असतात आणि समारंभ त्या पाहुण्यांसाठीच असतो. तिथे त्याचे काम चोख आहे. मंडपात तो जागा चुकलेला आहे.

आता दुसरी बाजू, कारण टीका करणाऱ्याने हिशेबही पाहिला पाहिजे. सात दिवसांचा सप्ताह म्हणजे मंडप, ध्वनिक्षेपक, विद्युत, कीर्तनकार-गायकांची सोय, रोजचे अन्नदान. पैसा, धान्य, दूध, गॅस, भाजी कोणीतरी देतो. ज्याने एका दिवसाची पंगत उचलली, त्याचे नाव गावासमोर एकदा यावे असे त्याच्या घरच्यांना वाटते, यात पाप काही नाही. अन्नदात्याचा उच्चार करणे हीही रीतच आहे. प्रश्न नावे घ्यावीत की नाहीत असा नाहीच. कोणत्या घटकेला घ्यावीत, एवढाच आहे. जुन्नरच्या पश्चिमेकडच्या एका गावाने हा प्रश्न सोडवलेला मी पाहिला. मंडपाच्या प्रवेशाशी फळा लावला. त्यावर त्या दिवसाचे सगळे देणगीदार, मोठ्या अक्षरांत. येणारा प्रत्येक माणूस तो वाचूनच आत शिरतो, ध्वनिक्षेपकावरून ऐकल्यापेक्षा जास्त वेळ वाचतो. अन्नदात्याचे नाव घेतात ते कीर्तन, आरती, पसायदान झाल्यावर, पंगत बसताना. ताटात भात पडत असताना ‘आजचे अन्नदान अमक्या घरचे’ असे ऐकू येते, तेव्हा ते नाव खरोखर कृतज्ञतेने ऐकले जाते. वर कोणाला बसवत नाहीत. पुढारी आले तर पुढच्या रांगेत मांडी घालतात, आणि मी पाहिले आहे, त्यांनाही ते बरे वाटते. दोन तास खुर्चीवर डुलक्या आवरण्यापेक्षा मांडीवर टाळी देणे सोपे.

सूत्रसंचालकालाही त्या गावात काम आहे. भजन ठाय लयीत स्थिरावले की ते मंद होऊ देतात, थांबवत नाहीत. मृदंगावर नुसता ठेका राहतो. त्या ठेक्यावर तो माणूस एवढेच बोलतो: ‘माउलींनो, लांबून आलात, वेळेत आलात. पाणी डाव्या हाताला आहे, लेकरांना पुढे घ्या, मागच्यांनी थोडे सरकून घ्या. कीर्तन नऊला सुटेल, वस्तीवरच्यांसाठी ट्रॅक्टर वेशीत उभे आहेत; बोला पुंडलिक वरदे.’ आणि अख्खा मंडप ‘हारि विठ्ठल’ म्हणून त्याचे वाक्य पुरे करतो. मी घड्याळ लावले नाही, पण मिनिट झाले नसेल. या चार ओळींत ‘स्वागत’ शब्द नाही, ‘सहर्ष’ नाही. पाणी आहे, लेकरू आहे, सुटण्याची वेळ आहे, परतीची वाट आहे. बोलणारा ठेक्यावर बोलतो, म्हणून त्याचा श्वास आपोआप सभेच्या श्वासाशी जुळतो, आणि त्याला लांबवताही येत नाही. ठेका ओढून नेतो. लांबण लावायची सवय असलेल्या वक्त्याला ठेक्यावर बोलायला लावावे. औषध म्हणून सांगतो.

नावांची एक यादी मात्र त्या गावात रोज संध्याकाळी कीर्तनाआधी पूर्ण वाचतात, आणि ती वाचताना मंडपात चिटपाखरू हलत नाही. ती पहाऱ्याची यादी. सात दिवस विणा खाली ठेवायचा नसतो, म्हणून रात्रंदिवस पाळ्या लागतात. दहा ते बारा कोण, बारा ते दोन कोण, दोन ते चार कोण. नावाला पद नाही, विशेषण नाही. घरातला पोरगा, आजोबा, शाळेतले मास्तर, गवंडी, ज्याची त्याची पाळी. नाव आले की तो जागेवरूनच ‘हो’ म्हणतो. दोन ते चारच्या पाळीला थंडी असते, झोप असते, आणि ती पाळी मागून घेणारे त्या गावात दरवर्षी दोघेतिघे तरी निघतात.